बारा ओळींचं पान

ऑर्केस्ट्राचा स्कोअर पहिल्यांदा हातात घेणारा माणूस बहुधा पुस्तक वाचावं तसा वरच्या ओळीपासून सुरुवात करतो. वर असतो फ्लूट. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचं पहिलं पान उघडलं, तर तिथे फ्लूटला काहीच वाजवायचं नसतं. खालची ओळ ओबोची, तीही रिकामी. तिसऱ्या ओळीत क्लॅरिनेटचे सूर दिसतात, पण कानावर येतंय ते निराळंच. इतक्यात संगीत पुढे निघून गेलेलं असतं आणि वाचणारा पान मिटतो.

या पानाला क्रम आहे, आणि तो कळला की पान अर्धं वाचून झालं, असं माझं मत. तो क्रम कसा आहे, कुठून आला आणि कुठे दगा देतो, एवढ्याचा हा आढावा. उदाहरण एकच घेतो, पाचव्या सिम्फनीचं, कारण त्याची सुरुवात बहुतेकांच्या कानात असते. स्वामित्वहक्क संपलेले स्कोअर IMSLP या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यामुळे गडमुडशिंगीत मोबाइलवर दिसणारं पान आणि नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कंडक्टरसमोरचं पान यांची मांडणी सारखीच असते.

आपल्याकडे लिहिलेलं संगीत वाचायची सवय नाही असं नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे. त्यांनी आणि भातखंड्यांनी घडवलेल्या स्वरलिपींवर गायन-वादनाच्या परीक्षा देणारी पोरं आजही गावोगाव आहेत. पण त्या लिपीत सूर एकामागून एक येतात. एक ओळ संपली की दुसरी सुरू. ऑर्केस्ट्राच्या पानावर बाराच्या बारा ओळी एकाच वेळी चालू असतात. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते आणि वरून खाली उभी रेघ मारली, की त्या क्षणी कोण काय वाजवतंय ते कळतं. बारा ओळींच्या या संचाला सिस्टिम म्हणतात. संच संपला की नजर त्याच पानावरच्या पुढच्या संचावर किंवा पुढच्या पानावर जाते. हे ध्यानात आलं नाही तर दुसऱ्या ओळीचा ओबो हा फ्लूटनंतर वाजतो असा घोटाळा होतो.

आता डावी कड बघू. पाचव्या सिम्फनीच्या पहिल्या भागात वरून खाली नावं अशी येतात: दोन फ्लूट, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बासून, मग दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट, मग टिंपनी, आणि तळाला पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बेस. चार कुटुंबं झाली. पहिलं वुडविंड, दुसरं ब्रास, तिसरं तालवाद्यांचं, चौथं तंतुवाद्यांचं. प्रत्येक कुटुंबात साधारणपणे उंच सुराचं वाद्य वर आणि खर्जाचं खाली. म्हणजे सगळं पान मिळून उंचावरून खर्जाकडे उतरत नाही. ते चार वेळा उतरतं. बासूनच्या खर्जापाशी पोचलो की हॉर्नपासून पुन्हा वर चढायचं, टिंपनीपाशी तळ गाठला की पहिल्या व्हायोलिनपासून पुन्हा. पान वाचताना डोळ्याने हेच चार उतार शोधायचे असतात.

वाद्यांचं वर्गीकरण आपल्याला नवं नाही. भरताने नाट्यशास्त्रात तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत. युरोपातलं पान त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतं, दोन फरक सोडून. आपला सुषिर हा एक वर्ग तिथे दुभंगतो, आणि अवनद्ध व घन हे आपले दोन वर्ग तिथे तालवाद्य म्हणून एकाच कंसात बसतात. सुषिर दुभंगतो तो कशावरून, हे पाहण्यासारखं आहे, कारण नावं फसवी आहेत. वुडविंडमधला आजचा फ्लूट बहुधा चांदीचा किंवा दुसऱ्या कुठल्या धातूचा असतो. सॅक्सोफोन तर पितळेचाच, तरी ऑर्केस्ट्रात आला तर त्याची ओळ वरच्या कुटुंबात, क्लॅरिनेटच्या आसपास लागते. निकष आहे आवाज कसा निघतो हा. फ्लूटमध्ये हवा कडेवर आपटते, क्लॅरिनेट-सॅक्सोफोनमध्ये एक पत्ती थरथरते, ओबो-बासूनमध्ये दोन पत्त्या, सनईसारख्या. ब्रासमध्ये पत्ती नसतेच, वादकाचे ओठच थरथरतात. वरातीच्या बँडात ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट शेजारी चालत असले, तरी स्कोअरच्या पानावर ती दोन वेगळ्या घरांतली माणसं आहेत.

ही घरं ओळखण्याची खूण आजच्या छापील पानावर सरळ दिलेली असते. डाव्या कडेला सगळ्या ओळी जोडणारी एक बारीक उभी रेघ असते, ती संच दाखवते. तिच्या बाहेर जाड चौकोनी कंस असतात, ते कुटुंब दाखवतात. महिरपी कंस दिसला तर त्या ओळी एकाच वाद्याच्या किंवा जुळ्या वाद्यांच्या: हार्पचे दोन हात, किंवा पहिलं-दुसरं व्हायोलिन. याहून उपयोगी खूण मात्र पानाच्या मधोमध आहे आणि नवख्यांचं तिच्याकडे लक्षच जात नाही. मात्रांचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेघा एका कुटुंबाच्या सगळ्या ओळींतून सलग जातात आणि दोन कुटुंबांच्या मध्ये तुटतात. त्यामुळे नावं न वाचता, पान हातभर लांब धरूनसुद्धा, कुठे वुडविंड संपले आणि कुठे तंतुवाद्यं सुरू झाली ते दिसतं. रेघांमधल्या त्या फटींमुळे पानाचे आपोआप पट्टे पडतात. जुन्या छपाईत हा नियम इतका काटेकोर पाळलेला नसतो, तिथे नावांवर भिस्त ठेवावी लागते.

पानाचा क्रम हा रंगमंचावरच्या बैठकीचा नकाशा असावा, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो चूक आहे. मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 साली एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभी केली. तिची मैफल जमशेद भाभा थिएटरात पाहिली, तर पुढे तंतुवाद्यं, त्यांच्यामागे वुडविंड, त्यांच्यामागे ब्रास आणि साधारण सगळ्यात मागे तालवाद्यं, अशी ओळखीची बैठक दिसते. कंडक्टरच्या जागेवरून मागून पुढे मोजत आलं, तर क्रम होतो तालवाद्य, ब्रास, वुडविंड, तंतुवाद्य. पानावर वरून खाली येतो वुडविंड, ब्रास, तालवाद्य, तंतुवाद्य. दुसरं आणि शेवटचं घर जुळलं, बाकीच्या दोघांची अदलाबदल झाली. बैठक तर कंडक्टरगणिक बदलते. कुणी दुसरं व्हायोलिन पहिल्याच्या शेजारी बसवतो, कुणी समोरासमोर. पानावर मात्र दोघांच्या ओळी कायम लागून असतात. बैठक ठरते आवाजाच्या तोलावर, पान ठरतं वाचणाऱ्याच्या डोळ्यावर.

वाचणाऱ्याचा हा डोळा नेहमी एकाच पद्धतीने पाहत नव्हता. बाखच्या काळातले मोठे स्कोअर, उदाहरणार्थ त्याच्या बी मायनर मासमधले जल्लोषाचे भाग, पाहिले तर सगळ्यात वर ट्रम्पेट आणि टिंपनी दिसतात. युरोपच्या दरबारांत तुतारीवाले आणि नगारजी यांचा मान इतर वाजंत्र्यांपेक्षा मोठा होता, त्यांचे स्वतंत्र संघ आणि हक्क होते, म्हणून त्यांची ओळ वर, असं कारण साधारणपणे दिलं जातं. आपल्याकडेही तुतारी आणि नगारा ही राजचिन्हंच होती, तेव्हा हे कारण मराठी वाचकाला पटायला जड जाऊ नये. ट्रम्पेट आणि टिंपनी आजही पानावर जवळ-जवळ असतात, ते या जुन्या सोबतीमुळे. पाचव्या सिम्फनीत तर टिंपनीची ओळ ट्रम्पेटला चिकटूनच आहे, आणि दोघं बहुतेक वेळा एकत्रच बोलतात.

मोत्सार्टच्या हस्तलिखितांत आणखी वेगळी तऱ्हा दिसते. व्हायोलिन आणि व्हिओला सगळ्यात वर, चेलो-बेस सगळ्यात खाली, आणि फुंकून वाजवायची सगळी वाद्यं मध्ये. आजच्या डोळ्याला हे उलटं-सुलटं वाटतं, पण लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चोख आहे. त्याच्या अर्धवट राहिलेल्या कागदांवरून दिसतं, की तो आधी वरची मुख्य चाल आणि तळाचा खर्ज लिहून काढायचा आणि मग मधलं भरायचा. चौकट आधी, भरणा नंतर. त्याचं पान ही लिहिण्याची सोय होती. आजचा क्रम एकोणिसाव्या शतकात हळूहळू रुळला आणि ती वाचण्याची सोय आहे. वाद्यं वाढली, चार-चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन आले, आणि कुणीतरी समोर उभं राहून सगळ्यांना सांभाळणं भाग झालं. त्या माणसाला एका नजरेत कुटुंब दिसायला हवं होतं.

ही गरज किती उशिरा आली, हे पाचव्या सिम्फनीच्याच छपाईवरून कळतं. सिम्फनी पहिल्यांदा वाजली 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात. 1809 साली ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल या लाइपझिगच्या प्रकाशकाने ती छापली, पण छापले ते फक्त पार्ट. प्रत्येक वादकापुढे असतो तो त्याच्या एकट्याच्या ओळीचा कागद म्हणजे पार्ट. सगळ्यांच्या ओळी एकावर एक मांडलेला पूर्ण स्कोअर छापून आला 1826 साली, म्हणजे बीथोव्हेन वारला त्याच्या आदल्या वर्षी. दरम्यान सिम्फनी काही बंद नव्हती. वाजवण्यासाठी स्कोअर लागतच नाही, तो लागतो सगळं एकत्र पाहणाऱ्याला. मुंबईच्या सिनेसंगीतातही हीच विभागणी होती. संगीतकार चाल द्यायचा, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये मांडायचे, आणि स्टुडिओतल्या व्हायोलिनवाल्यापुढे यायचा तो त्याच्या वाट्याचा कागद. शेजारचा काय वाजवणार हे त्याला वाजल्यावरच कळायचं.

आता पान प्रत्यक्ष वाचू. पाचव्या सिम्फनीचे पहिले पाच खंड म्हणजे ते सुप्रसिद्ध चार ठोके, दोनदा. बारा ओळींपैकी किती वाजतात? तळाच्या पाचही तंतुवाद्यांच्या आणि वरून तिसरी, क्लॅरिनेटची. सहा बोलतात, सहा गप्प. इतका दणदणीत वाटणारा आरंभ, आणि त्यात ट्रम्पेट नाही, टिंपनी नाही. कानाने ऐकून ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पानावर मात्र वरच्या बाजूचे मोकळे खंड लगेच दिसतात.

इथेच पहिली अडचण येते. ती पेटीच्या पट्ट्यांवर सांगतो, म्हणजे सुरांची इंग्रजी अक्षरं मध्ये आणायला नकोत. व्हायोलिनच्या ओळीत पहिले चार ठोके आहेत पांढरी पाच, पांढरी पाच, पांढरी पाच आणि काळी दोन. क्लॅरिनेट हेच सूर वाजवतो, सगळे एकसुरात आहेत. पण क्लॅरिनेटच्या ओळीत लिहिलंय पांढरी सहा तीनदा, आणि मग पांढरी चार. छपाईची चूक नाही ही. हा क्लॅरिनेट काळी पाचचा आहे. वादकाने कागदावरची पांढरी एक पाहून बोटं ठेवली की वाद्यातून काळी पाच निघते, म्हणजे कागदापेक्षा दोन पट्ट्या खाली, काळ्या-पांढऱ्या मिळून मोजल्या तर. म्हणून लिहिताना दोन पट्ट्या वर लिहायचं, की ऐकू येताना बरोबर जागी येतं. बँडात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पेटीवाल्याने दिलेली पट्टी तो मनातल्या मनात रोजच बदलून घेतो.

अशी वाद्यं पानावर ओळखायची कशी? ओळीच्या सुरुवातीला कोमल-तीव्र सुरांची जी खूण असते, ती पाहायची. व्हायोलिन, फ्लूट, ओबो, बासून यांच्या ओळींवर तीन कोमल खुणा आहेत. क्लॅरिनेटच्या ओळीवर एकच. शेजाऱ्यांपेक्षा खूण वेगळी दिसली, की समजायचं हे वाद्य दुसऱ्या पट्टीचं आहे. हॉर्न, ट्रम्पेट आणि टिंपनी यांच्या ओळींवर मात्र एकही खूण नाही, कारण त्या काळी त्यांना ती देण्याची प्रथा नव्हती. त्यांची पट्टी नावातच लिहिलेली असते. त्यात जर्मन छपाईचा एक सापळा आहे. क्लॅरिनेटच्या नावापुढे नुसतं 'बी' असेल तर जर्मन लोकांच्या लेखी ती काळी पाच. पांढऱ्या सातला ते 'एच' म्हणतात. इंग्रजी पुस्तकावरून शिकलेला माणूस इथे हमखास अडखळतो.

सहाव्या खंडापासून पान वेगळं वागू लागतं. जोर एकदम ओसरतो. ठोके आधी दुसऱ्या व्हायोलिनमध्ये येतात, लगेच खालच्या ओळीत व्हिओलामध्ये, आणि मग दोन ओळी वर उडी मारून पहिल्या व्हायोलिनमध्ये. मध्यावर, खाली, मग सगळ्यांच्या वर. डोळा फक्त पहिल्या व्हायोलिनवर खिळवून ठेवला तर चाल अर्धवट वाटते, कारण ती तीन ओळींत वाटून दिलेली आहे. तळाचे पाच पट्टे एकत्र पाहायची सवय यासाठीच लावायची. व्हिओलाची ओळ सापडायला सोपी: सुरुवातीची खूण, जी सूर कुठे बसतात ते सांगते, ती तंतुवाद्यांत फक्त तिचीच वेगळी आहे, पाच रेघांच्या बरोबर मधल्या रेघेला धरलेली.

मला या पानावरची सगळ्यात शिकवणारी जागा मात्र पुढे वाटते, 59व्या खंडात. सगळं थांबतं आणि दोन हॉर्न एकटे हाक देतात: काळी पाच तीनदा, काळी दोन, पांढरी चार, काळी पाच. पानावर पाचव्या ओळीत तेवढीच शाई आहे, बाकी सगळं मोकळं. हे हॉर्न काळी दोनचे आहेत, म्हणून कागदावर लिहिलंय पांढरी पाच तीनदा, पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी पाच. त्या काळच्या हॉर्नला आजच्यासारख्या कळा नव्हत्या. लांब वळवलेली नळी, आणि ओठांच्या जोरावर तिच्यातून निघतील तेवढे नैसर्गिक सूर. ही हाक त्या मोकळ्या सुरांतच बसवलेली आहे.

आता बरीच पानं उलटून 303व्या खंडाला या. तीच हाक परत यायची वेळ झाली आहे, पण आता संगीत पांढऱ्या एकच्या घरात आलंय. काळी दोनच्या हॉर्नला ही हाक आता मोकळ्या सुरांत देता येत नाही. मधले सूर नळीत हात घालून, दाबून काढावे लागतील, आणि ते कोंदट निघतील. बीथोव्हेनने हाक बासूनना दिली. पानावर काय झालं ते पाहा: पाचव्या ओळीतली शाई चौथ्या ओळीत गेली, एक घर वर. कुटुंबाची सीमा ओलांडली, पण शेजारच्याच ओळीत. आणखी एक गंमत अशी, की बासून जसं लिहिलं तसंच वाजवतो, म्हणून त्याच्या ओळीत आता लिहिलंय पांढरी पाच तीनदा, पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी पाच. हॉर्नच्या कागदावर आधी होते नेमके तेच सूर. कागदावर नावं तीच, आवाज वेगळा.

हॉर्नची ओळ ट्रम्पेटच्या वर का, या प्रश्नाचं उत्तरही इथे सापडतं. उंच सुराचं वाद्य वर, हा नियम पाळला असता तर ट्रम्पेट वर आणि हॉर्न खाली जायला हवा होता. पण हायडन आणि तरुण मोत्सार्टच्या कितीतरी सिम्फनींत तंतुवाद्यांखेरीज असतात ते फक्त दोन ओबो आणि दोन हॉर्न. हॉर्न सुरुवातीपासून वुडविंडच्या संगतीत वाढला, त्यांच्या सुरांना मधून भरीव करणं हे त्याचं काम. ट्रम्पेट आला तो सण-समारंभाला, टिंपनीला घेऊन. म्हणून हॉर्न पितळेच्या घरातला असूनही उंबरठ्यावर उभा, बासूनच्या लगत. आज बहुतेक कंडक्टर बीथोव्हेनने लिहिलं तसं बासूनच ठेवतात. काहीजण कळा असलेले आधुनिक हॉर्न हाताशी आहेत म्हणून 303ची हाक हॉर्नकडे देतात. मला पहिलं बरं वाटतं. बासूनचा काहीसा कोरडा आवाज त्या जागी कानाला टोचतो, आणि तो टोचावाच.

ऐकताना पान हरवतं ते बहुधा तीन जागी. पहिली जागा 124व्या खंडाची. तिथे सुरुवातीपासून पुन्हा वाजवा अशी खूण आहे. जुन्या काही ध्वनिमुद्रणांत ती पाळलेली नसते. तुम्ही पान उलटून मागे जाता आणि वाद्यवृंद पुढे गेलेला असतो. दुसरी जागा म्हणजे जिथे सगळे एकदम जोरात असतात. बाराही ओळी काळ्या होतात आणि डोळ्याला धरायला काही उरत नाही. अशा वेळी वरचं सोडून सरळ तळाच्या ओळीवर, डबल बेसवर यावं. तिथे सूर कमी आणि मोठे असतात. (बेस कागदापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, पण जागा शोधण्यापुरतं त्याने काही बिघडत नाही.) तरीही हरवलात तर 268व्या खंडाची वाट पाहा. सगळे थांबतात आणि दुसऱ्या ओळीत एकटा ओबो संथपणे गातो. हे चुकूच शकत नाही.

तिसरी जागा फसवी आहे, कारण तिथे दोष वाचणाऱ्याचा नसून कागद वाचवण्याचा असतो. पहिल्या पानावर सगळ्या बारा ओळी पूर्ण नावांनिशी छापतात. पुढे ज्या वाद्यांना त्या संचात काहीच काम नाही, त्यांच्या ओळी बऱ्याच आवृत्त्या गाळतात आणि एका पानावर दोन संच बसवतात. दोहोंच्या मध्ये डाव्या कडेला दोन तिरक्या जाड रेघा असतात. अशा पानावर 'वरून पाचवी ओळ हॉर्नची' हे गणित कोसळतं. पाचवी ओळ व्हिओलाचीही असू शकते. त्यात नावं आता आखूड झालेली असतात आणि इटालियन छपाईत ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांची आखूड रूपं एकमेकांसारखी दिसतात. एकच गोष्ट सहसा बदलत नाही: तंतुवाद्यांचं घर तळाला. वर ओळी वाढोत की गळोत, खालून मोजलं की बेस, चेलो, व्हिओला, दुसरं व्हायोलिन, पहिलं व्हायोलिन हा क्रम जवळपास कायम राहतो. म्हणून स्कोअर खालून वाचावा, हे मी नवशिक्याला आधी सांगेन.

या ठरलेल्या मांडणीत आपली वाद्यं कुठे बसतात, हा प्रश्न आता कागदापुरता राहिलेला नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी 'पेशकार' ही रचना लिहून घेतली, ती 2015च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत पहिल्यांदा वाजली. रविशंकरांची पहिली सतार कन्चेर्तो 1971ची, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि आंद्रे प्रेविन यांच्यासोबतची. दुसरी झुबिन मेहतांसोबतची. वर्गीकरणाने जायचं तर तबला अवनद्ध, त्याची ओळ टिंपनीच्या शेजारी हवी. पण स्कोअरमध्ये एक नियम कुटुंबापेक्षा वरचढ आहे. मुख्य वादक कुणीही असो, व्हायोलिन, पियानो वा तबला, त्याची ओळ पहिल्या व्हायोलिनच्या लगेच वर लावतात. गायक किंवा समूहगान असेल तर तेही साधारण याच पट्ट्यात. म्हणजे तालवाद्यं संपली आणि तंतुवाद्यं सुरू व्हायच्या आधी जो रुंद पट्टा असतो, ती पाहुण्यांची जागा. तिथे नजर जाणं सोपं, कारण वर-खाली दोन्हीकडे रेघा तुटलेल्या असतात.

पाचव्या सिम्फनीत असा पाहुणा नाही, पण शेवटच्या भागात नवी माणसं येतात. तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो. हळू टिंपनीवरून आवाज वाढत वाढत जातो आणि पान उलटताच ओळींची संख्या वाढलेली दिसते: फ्लूटच्याही वर पिकोलो, बासूनच्या खाली काँट्राबासून, आणि ट्रम्पेटच्या जोडीला तीन ट्रॉम्बोन. ही पाचही माणसं पहिले तीन भाग गप्प बसलेली असतात. नवी वाद्यं आली तरी प्रत्येक आपापल्या कुटुंबात, आपापल्या उंचीला जाऊन बसलंय. क्लॅरिनेट आणि हॉर्न मात्र आता पांढऱ्या एकचे झालेत, त्यामुळे पहिल्या भागात करावी लागली ती पट्ट्यांची वजाबाकी इथे करावी लागत नाही. फक्त हॉर्न कागदापेक्षा सप्तकभर खाली वाजतो, एवढं लक्षात ठेवावं. पेटी येणाऱ्याने पियानोऐवजी पेटीवर स्कोअरची ओळ वाजवून पाहायची असेल, तर सुरुवात पहिल्या भागापेक्षा इथून करावी.